चौदा चुकांचे काय करायचे?

वाचकाचे पत्र

मी साधारण दहा मिनिटांच्या एका विनोदी लघुपटाची संहिता लिहिली आहे. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑटोकरेक्टमुळे एक भलताच शब्द जातो आणि तिथून गोंधळ वाढत जातो. अशा एकूण चौदा चुका मी संहितेत पेरल्या आहेत. उदाहरणार्थ, मावशी ‘अभिनंदन’ लिहायला जाते आणि ‘अंत्यदर्शन’ लिहिले जाते. मित्रांसमोर वाचन केले तेव्हा पहिल्या दोन पानांवर सगळे खूप हसले, पण नंतर शांत झाले. मी आणखी विनोदी चुका शोधायला हव्यात का? शिवाय एका मित्राने विचारले, की तो माणूस मेसेज सरळ डिलीट का करत नाही. माझ्याकडे याचे उत्तर नव्हते.

उत्तर

आणखी चुका शोधू नका. आहेत त्यांतल्या तेरा काढून टाका. पहिल्या चुकीला प्रेक्षक हसतो, कारण ती त्याच्याही हातून झालेली असते. दुसऱ्या चुकीला तो शिष्टाचार म्हणून हसतो आणि तिसऱ्या चुकीपासून त्याला पात्रे दिसेनाशी होऊन शब्दकोश उघडून बसलेला लेखक दिसू लागतो. तुमच्या संहितेत जे काही घडते ते फोन घडवतो आहे आणि माणसांना फक्त दचकण्याचे काम उरले आहे. खरे तर ऑटोकरेक्टने एकदाच चुकावे आणि त्यानंतर प्रत्येक माणसाने आपापल्या परीने अगदी शहाणपणाने वागावे. ग्रुपवर रामायण घडते ते या शहाणपणामुळे घडते, चुकीमुळे नव्हे.

आता ती एक चूक कोणती असावी, याकडे येऊ. ‘अभिनंदन’चे ‘अंत्यदर्शन’ होणार नाही आणि हे प्रेक्षकाला कळते, कारण त्याच्या खिशात तोच कीबोर्ड आहे. आपल्यापैकी अनेकजण इंग्रजी अक्षरे दाबून मराठी लिहितात; दाबलेल्या अक्षरांवरून कीबोर्ड वरच्या पट्टीत दोन-तीन शब्द सुचवतो आणि स्पेस दाबताच त्यांतला ठळक केलेला शब्द वाक्यात जाऊन बसतो. त्या पट्टीत येणारे शब्द दाबलेल्या अक्षरांच्या आसपासचेच असतात: शेजारच्या अक्षरावर बोट पडलेले, एखादे अक्षर गळलेले, दोन अक्षरांची अदलाबदल झालेली किंवा सुरुवात सारखी असलेले. तुमचे दोन शब्द ‘अ’पाशी भेटतात आणि लगेच आपापल्या वाटेने निघून जातात. दुसरी गोष्ट अशी, की कीबोर्ड रोजच्या वापरातल्या शब्दांना झुकते माप देतो आणि त्यातही फोनचा मालक जे शब्द वारंवार लिहितो ते तो लक्षात ठेवतो. या दुसऱ्या गोष्टीत तुमचा सबंध लघुपट दडलेला आहे, कारण फोनने सुचवलेला शब्द हा पुष्कळदा त्या माणसानेच पूर्वी कुठेतरी, कुणालातरी लिहिलेला असतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन दाखवतो. ते जसेच्या तसे उचलू नका, पण त्याची जडणघडण पाहा. ग्रुपवर आई आहे, थोरला मुलगा, मधला मुलगा, मधल्याची बायको, धाकटी मुलगी आणि त्या धाकटीचा मुलगा, म्हणजे भाचा, आहे. सगळ्यांनी आईकडे एकत्र कधी जमायचे, याची चर्चा चालली आहे आणि कुणालाच वेळ नाही. थोरल्याला रजा मिळत नाही, धाकटीच्या मुलाची परीक्षा आहे, मधल्याची कंबर धरली आहे. मधला हा स्वभावाने गरीब आणि कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेला. तो लिहायला बसतो, ‘मला वाटते, आईला विचारूनच ठरवू.’ इथे कॅमेरा त्याच्या अंगठ्याजवळ न्या. तो ‘वाट’ इतके लिहितो आणि वरच्या पट्टीत पहिला, ठळक शब्द येतो ‘वाटणी’. तो न बघता स्पेस दाबतो, पुढचे लिहितो आणि ग्रुपवर जाते:

‘मला वाटणी, आईला विचारूनच ठरवू.’

हे वाक्य व्याकरणाला लंगडे आहे, पण त्याचा अर्थ लागतो, आणि लागलेला अर्थ भयंकर आहे. चुकीच्या शब्दाची खरी कसोटी हीच. शब्द नुसता विचित्र असेल तर लोक हसून सोडून देतात आणि गोष्ट तिथेच संपते. तो असा हवा, की वाचणाऱ्याला ‘ही टायपिंगची चूक असणार’ यापेक्षा ‘अखेर बोलला एकदाचा’ हे जास्त संभवनीय वाटावे. शिवाय त्याच्या फोनला हा शब्द पहिला का सुचला, ही शंका प्रेक्षकाच्या मनात राहते. तिचे उत्तर देऊ नका. ते पट्टीचे एक दृश्य पुरेसे आहे.

आता बाकीच्यांचे शहाणपण पाहा. धाकटी सर्वांत आधी वाचते आणि फक्त एक प्रश्नचिन्ह टाकते. थोरला काही मिनिटे गप्प राहून लिहितो, ‘मी कधीच नको म्हटले नव्हते.’ त्याला कुणीही काही विचारलेले नाही, त्यामुळे या एका वाक्याने तो मधल्यापेक्षा जास्त उघडा पडतो. तुमच्या संहितेत यासारखे एकही वाक्य मला दिसत नाही. तिथे सगळे ‘अरे बापरे, हे काय!’ असे म्हणतात. दचकणाऱ्या माणसाजवळ पुढे जायला काही नसते, पण स्वतःची बाजू सावरणारा माणूस समोरच्यालाही त्याची बाजू सावरायला भाग पाडतो आणि गोष्ट आपोआप चालू लागते.

यानंतर आई. ती ग्रुपवरच्या प्रत्येक गोष्टीला अंगठा दाखवते, मग सूर्योदयाचे चित्र असो की कुणाच्या तापाची बातमी. सवयीने ती याही मेसेजला अंगठा देते. आता आईने न वाचता अंगठा दिला हे आपल्याला कळते, पण धाकटीला कळत नाही. ती स्वयंपाकघरातून बाहेर येऊन नवऱ्याला सांगते, ‘आईचा अंगठासुद्धा घेतला यांनी!’ हे वाक्य तिने अगदी गंभीरपणे म्हणावे. नटीला ते विनोदी आहे हे सांगू नये.

इथे तुमच्या मित्राच्या प्रश्नाकडे येतो. तो अत्यंत रास्त आहे आणि तो न सोडवता पुढे गेलात, तर प्रत्येक प्रेक्षक मनात तेच म्हणत बसेल. सध्याची सोय अशी आहे, की पाठवलेला मेसेज 15 मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो. ही सोय 2023 मध्ये आली. सर्वांसाठी डिलीट करण्याची मुदत 2017 मध्ये अवघी 7 मिनिटे होती, ती वाढत वाढत 2022 पासून दोन दिवसांहून थोडी अधिक झाली. म्हणजे ‘वेळ निघून गेली’ ही सबब आता चालत नाही. नायकाचा फोन बंद पडला, तो अंघोळीला गेला, नेटवर्क गेले, या सबबी चालतात. पण त्या आळशी आहेत, कारण त्यांत नायक काही करत नाही. माझ्या मते त्याने डिलीट करायला जावे आणि त्यातच घोळ घालावा. डिलीट म्हटल्यावर दोन पर्याय समोर येतात, ‘सर्वांसाठी’ आणि ‘फक्त माझ्यासाठी’. घाबरलेला मधला दुसऱ्यावर बोट ठेवतो. ही चूक परत फिरवायला खाली एक पट्टी येते, पण ती जेमतेम 5 सेकंद टिकते, आणि नेमक्या त्याच वेळी ‘अरे, तू हे काय लिहिलेस?’ असे विचारायला थोरल्याचा फोन येतो.

पुढची सगळी मौज यातून निघते. मेसेज मधल्याच्या पडद्यावरून गेला आहे आणि बाकी सगळ्यांच्या पडद्यावर तसाच आहे. आता तो त्याला दुरुस्तही करता येत नाही आणि सर्वांसाठी डिलीटही करता येत नाही. त्याला मात्र संकट टळले असे वाटते. तो निर्धास्तपणे लिहितो, ‘काही नाही, चुकून झाले.’ त्याच्या पडद्यावर हे निरुपद्रवी दिसते. इतरांच्या पडद्यावर ते ‘मला वाटणी’च्या खाली येते आणि ‘तोंडातून निघून गेले’ असे ऐकू येते. एवढ्यात भाचा मदतीला धावतो: ‘मामा, अजून वेळ आहे, एडिट करा.’ मामा प्रामाणिकपणे विचारतो, ‘कोणता मेसेज?’ मामाच्या तोंडचे हे दोन शब्द सबंध लघुपटातले सर्वांत निर्लज्ज वाक्य ठरते आणि ते म्हणणारा माणूस सर्वांत निष्पाप असतो. तुमच्या मित्राला उत्तर मिळाले, शिवाय त्या उत्तराने तुम्हाला दोन पानांचा ऐवज दिला.

तुमच्या संहितेत आणखी एक गल्लत आहे. ऑटोकरेक्टने बिघडलेला मेसेज आणि चुकीच्या ठिकाणी पडलेला मेसेज, या दोन्हींना तुम्ही एकाच पोत्यात घातले आहे. त्यांचा स्वभाव वेगळा असतो. पहिल्यात माणसाने जे म्हटलेच नाही ते त्याच्या नावावर जाते, म्हणून त्याला स्पष्टीकरण देता येते. दुसऱ्यात माणसाने जे नेमके म्हटले तेच जाते, फक्त ज्याच्याविषयी म्हटले त्याच्याचकडे, आणि त्याला स्पष्टीकरण नसते. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी बिघडलेला मेसेज यावा, त्यातून संशय वाढावा आणि तो जेमतेम शमू लागला असताना चुकून पडलेला खरा मेसेज यावा. उलट क्रमाने लिहिलेत, तर खऱ्या स्फोटानंतर फटाक्याचा आवाज कुणाला ऐकू येणार?

आपल्या उदाहरणात हा दुसरा मेसेज मधल्याच्या बायकोचा असतो. तिला नवऱ्याला लिहायचे असते, ‘तुमच्या दादांनी लगेच हो म्हटले, म्हणजे त्यांच्या मनात आधीपासून होतेच.’ तो ग्रुपवर का जातो, याचे कारण दिसले पाहिजे. ‘चुकून गेला’ एवढे पुरत नाही. व्हॉट्सॲपच्या यादीत ज्या ठिकाणी नवा मेसेज येतो ते नाव उडी मारून सर्वांत वर जाते. ती नवऱ्याच्या नावावर बोट टेकवणार, तोच आई कुठल्यातरी जुन्या गोष्टीवर ‘छान’ असे लिहून पाठवते, ग्रुप वर येतो, नवऱ्याचे नाव एक ओळ खाली सरकते आणि बोट पडते ते ग्रुपवर. हे सगळे एका सेकंदात घडते, पण जवळून दाखवलेत तर प्रेक्षक तिला ओरडून थांबवू पाहील. तिला डिलीट करता येते; ती नवऱ्यासारखी गोंधळत नाही आणि योग्य पर्याय निवडते. पण मेसेज डिलीट केल्याची ओळ तिच्या नावासह तिथे राहतेच. थोरल्याने तो वाचलेला असतो, धाकटीने नसतो. आता धाकटी रात्रभर त्या रिकाम्या ओळीत काय असेल याचा विचार करते आणि तिने कल्पिलेला मजकूर मूळ मजकुराहून कितीतरी वाईट असतो.

इथून पुढे आवाज वाढवण्याचा मोह टाळा. तुमच्या सातव्या पानावर सगळे मोठ्या अक्षरांत आणि उद्गारचिन्हांसह भांडतात. त्यामुळे वाढायला जागा उरत नाही. आपल्याकडे ग्रुपवरचे भांडण जितके तापते तितकी भाषा थंड होते. जी बहीण आयुष्यभर ‘ए दादा, तू’ म्हणत आली ती लिहिते, ‘दादा, आपण मोठे आहात. आपण ठरवाल ते मला मान्य आहे.’ त्या ‘आपण’ने थोरल्याच्या पोटात गोळा येतो. मग मधला ‘सर्वांना सप्रेम नमस्कार’ अशी सुरुवात करून तीन परिच्छेद लिहितो आणि त्याची बायको त्याला हात जोडलेली खूण शेवटी टाकू नका, ती टोमणा वाटेल, असा सल्ला देते. माझ्या दृष्टीने हा प्रसंग संहितेचा कळस असू शकतो: दोघे नवरा-बायको पलंगावर बसून एका नमस्काराच्या खुणेवर वाद घालत आहेत.

धाकटीने रागाने ग्रुप सोडावा असे तुम्हाला वाटेल, तर त्यात एक नवी गंमत आहे. पूर्वी कुणी ग्रुप सोडला की सगळ्यांना तशी ओळ दिसत असे. 2022 पासून ती सूचना फक्त ॲडमिनला मिळते. तुमचा ॲडमिन भाचा असेल आणि त्याने फोन पाहिलाच नसेल, तर धाकटी बाणेदारपणे निघून जाते आणि कुणालाच पत्ता लागत नाही. कुणीतरी मनधरणी करील म्हणून ती फोनकडे बघत बसते. शेवटी तिला स्वतःच्याच मुलाला सांगावे लागते, की मला परत घे, पण मी गेले होते हे आधी सगळ्यांना सांग. हा भाग लहान ठेवा. तो लांबला तर मूळ वाटणी मागे पडते.

शेवटाविषयी मात्र मी हट्टाने सांगेन. तुमच्या दहाव्या पानावर भाचा सगळ्यांना ऑटोकरेक्ट म्हणजे काय ते समजावतो, सगळे हसतात आणि गळ्यात पडतात. ते पान फाडा. प्रेक्षकाला जे पहिल्या मिनिटापासून ठाऊक आहे ते पात्रांना कळताना पाहण्यात त्याला काहीच मिळत नाही. त्याऐवजी आईला प्रथमच चष्मा लावून सगळा ग्रुप वरपासून वाचू द्या. ती एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत लिहिते, ‘वाटणी मी केव्हाच लिहून ठेवली आहे. आलात की वाचून दाखवीन. कधी येताय?’ ग्रुपवर कुणीच काही लिहीत नाही. वर एकामागून एक नावांपुढे ‘टायपिंग’ येते आणि जाते. मग थोरल्याला अचानक रजा मिळते: ‘शनिवारी सकाळी पोहोचतो.’ धाकटी लिहिते, ‘मी शुक्रवारीच येते.’ आणि कंबर धरलेला मधला उत्तर लिहिण्यापूर्वीच बॅग काढायला स्टुलावर चढलेला दिसतो. आईने खरोखर काही लिहून ठेवले आहे की नाही, हे दाखवू नका. तिच्याजवळचा कागद दिसला की प्रेक्षक त्यात काय आहे ते वाचू पाहील आणि तुमची विनोदी गोष्ट मालमत्तेची गोष्ट होऊन बसेल.

आता चित्रीकरणाआधीची एक व्यावहारिक बाब. संहितेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, हा ठोकताळा चॅटच्या संहितेला लागू पडत नाही, कारण प्रेक्षकाला मेसेज वाचायला वेळ लागतो आणि त्या वेळात नटाला दुसरे काही करता येत नाही. उपशीर्षके लिहिणारे लोक दोन भरगच्च ओळींना सुमारे 6 सेकंद धरतात. तुम्हीही तेवढेच धरा. तुमच्या दहा पानांवर छप्पन्न मेसेज आहेत. ते सगळे वाचायला लावलेत तर लघुपट पाहण्याऐवजी वाचावा लागेल. जे मेसेज गोष्ट पुढे ढकलतात तेवढेच पडद्यावर पूर्ण दाखवा. बाकीचे चेहऱ्यावरून, फोनच्या थरथरण्यावरून किंवा शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवण्यातून कळू द्या. शक्य असेल तिथे मेसेज आणि तो वाचणाऱ्याचा चेहरा एकाच चौकटीत ठेवा, कारण हशा मजकुराला कमी आणि वाचल्यानंतर फोन हळूच उलटा ठेवणाऱ्या हाताला जास्त मिळतो.

पुढच्या वेळी वाचन करताना मित्रांना एका खोलीत बसवून संहिता वाचून दाखवू नका. खरा ग्रुप तयार करा, प्रत्येकाला एक पात्र द्या, वेगवेगळ्या खोल्यांत पाठवा आणि संहितेतला फक्त पहिला चुकलेला मेसेज टाका. पुढे त्यांना पात्राला शोभेल तसे, पण शहाणपणाने, उत्तर द्यायला सांगा. ज्या ठिकाणी सगळे एकाच वेळी गप्प होतील तिथे तुमच्या गोष्टीत सावरायला कुणाचीच बाजू उरलेली नाही असे समजा; ते ठिकाण टिपून ठेवा आणि नवा मसुदा तिथून लिहायला घ्या.